‘इल्ला’नंतरच्या नामाची विभक्ती कशी ठरवायची: होकारी आणि नकारी वाक्यांसाठी पायरीपायरीने

अरबी शिकताना ‘इल्ला’ अगदी लवकर भेटतो. अर्थ सोपा असतो: शिवाय, खेरीज, सोडून. म्हणून आपण तो एका ओळीत टिपून ठेवतो आणि पुढे जातो. मग लिहायची वेळ येते आणि कळतं, की ‘इल्ला’नंतरचं नाम कधी एका विभक्तीत येतं, कधी दुसऱ्या, आणि काही वाक्यांत दोन्ही चालतात. मी बरेच महिने प्रत्येक ठिकाणी एकच विभक्ती लावत होतो आणि वही लाल होऊन परत येत होती. चूक पाठांतराची नव्हती. मी ‘इल्ला’कडे पाहत होतो आणि पाहायला हवं होतं त्याच्या आधीच्या वाक्याकडे. ते कसं पाहायचं, तेवढंच इथे लिहितो.

आपल्याला हा गोंधळ विशेष होतो, त्याला कारण आहे. मराठीत ‘भावाखेरीज सगळे आले’ आणि ‘भावाखेरीज कोणी आलं नाही’ या दोन्ही वाक्यांत ‘भावाखेरीज’ जसंच्या तसं राहतं. वाक्य होकारी की नकारी, याचा ‘भावा’शी संबंध नाही. शाळेत संस्कृत घेतलं असेल, तर आणखी एक सवय अंगात असते: ‘ऋते’ आला की पंचमी. ‘इल्ला’ तसा नाही. तो स्वतःहून कुठलीही एक विभक्ती ठरवून देत नाही आणि त्याच्या बळावर ‘जर्र’ ही विभक्ती तर कधीच येत नाही.

सुरुवातीला काय जवळ हवं

हरकती, म्हणजे स्वरचिन्हं, पूर्ण दिलेला मजकूर हवा. हरकतींशिवाय छापलेल्या वर्तमानपत्रावर हा सराव सुरू करू नका, कारण जे शिकायचं तेच तिथे छापलेलं नसतं. कुरआनची छापील प्रत यासाठी उत्तम, कारण तिच्यात प्रत्येक शब्दाचा शेवट दाखवलेला असतो. सोबत पेन्सिल आणि एक कोरा कागद. कागद कशासाठी, ते पहिल्याच पायरीत येईल.

तीन विभक्त्यांची नावं माहीत हवीत. रफ़अ ही कर्त्याची, आपल्या प्रथमेच्या जवळची; साध्या नामाला शेवटी ‘-उन्’. नस्ब ही कर्माची, द्वितीयेच्या जवळची, शेवटी ‘-अन्’. जर्र ही ‘बि’, ‘अला’, ‘मिन्’ अशा अव्ययांनंतरची, शेवटी ‘-इन्’.

उदाहरणांसाठी मी ‘तुझा भाऊ’ हा शब्द घेतो. अरबीत थोडीच नामं अशी आहेत, की ज्यांची विभक्ती दीर्घ स्वरात स्पष्ट ऐकू येते. भाऊ त्यांपैकी एक: रफ़अमध्ये अख़ूक, नस्बमध्ये अख़ाक, जर्रमध्ये अख़ीक. (हलंत नसेल तिथे शेवटचा ‘अ’ संस्कृतसारखा पूर्ण उच्चारायचा.)

पायरी १: ‘इल्ला’पासून पुढचं झाका

कागदाने ‘इल्ला’ आणि त्यापुढचं सगळं झाकून टाका. उरलेलं वाक्य वाचा आणि विचारा: ज्यातून कोणाला तरी वगळायचं आहे, तो गट इथे आला आहे का?

‘जाअ-ल्-क़ौमु इल्ला अख़ाक’ म्हणजे लोक आले, तुझा भाऊ सोडून. झाकल्यावर ‘जाअ-ल्-क़ौमु’ उरतं, लोक आले. गट आहे: लोक. या गटाला व्याकरणात ‘मुस्तस्ना मिन्हु’ म्हणतात, म्हणजे ज्यातून वगळलं तो. वगळलेला भाऊ तो ‘मुस्तस्ना’. गट हजर असेल तर वाक्य ‘ताम्म’, पूर्ण.

आता ‘मा जाअ इल्ला अख़ूक’ घ्या. झाकल्यावर उरतं ‘मा जाअ’, आला नाही. कोण? गट दिलेलाच नाही. जागा रिकामी आहे. अशा वाक्याला ‘मुफ़र्रग़’ म्हणतात. शब्दाचा अर्थच रिकामं केलेलं.

गट नेहमी स्वतंत्र नाम म्हणून येईल असं नाही. क्रियापदाच्या शेवटी असलेलं ‘-ऊ’, म्हणजे ‘ते’, हाही गट असतो. नवशिके इथे हमखास चुकतात आणि पूर्ण वाक्याला रिकामं समजतात.

पायरी २: नकार आहे का, पाहा

झाकलेल्या कागदाच्या अलीकडच्या भागात ‘मा’, ‘ला’, ‘लम्’, ‘लन्’, ‘लैस’ यांपैकी काही आहे का? असेल तर वाक्य नकारी. मनाई, म्हणजे ‘करू नकोस’, हीही नकारातच धरतात. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर ‘कोणीच नाही’ असं गृहीत आहे, तो प्रश्नही. मराठीत ‘आईशिवाय कोण विचारतं?’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात नकारच असतो ना, अगदी तसं.

या दोन प्रश्नांतून तीन प्रकार निघतात. पूर्ण आणि होकारी, पूर्ण आणि नकारी, रिकामं आणि नकारी. रिकामं आणि होकारी असा चौथा प्रकार सहसा होत नाही, कारण ‘तुझा भाऊ सोडून आला’ याला अर्थच नाही.

पायरी ३: पूर्ण आणि होकारी असेल तर नस्ब, दुसरा विचार नाही

‘जाअ-ल्-क़ौमु इल्ला अख़ाक.’ इथे अख़ूक चालणार नाही. गट कुठल्याही विभक्तीत असो, वगळलेला नस्बमध्येच. ‘सल्लम्तु अला-ल्-क़ौमि इल्ला अख़ाक’, मी लोकांना सलाम केला, तुझ्या भावाला सोडून. इथे लोक जर्रमध्ये आहेत, तरी भाऊ नस्बमध्ये.

मराठीतलं ‘-ला सोडून’ इथे मदतीला येतं. ‘भावाला सोडून सगळे आले’ या वाक्यात भाऊ हा ‘सोडणे’ या क्रियेचं कर्म आहे. जुन्या अरबी वैयाकरणांपैकी काहींनी नस्बचं कारण असंच सांगितलं आहे: ‘इल्ला’च्या आत ‘मी वगळतो’ हे क्रियापद दडलेलं आहे आणि नाम हे त्याचं कर्म. हे कारण सर्वांनी मानलेलं नाही, पण लक्षात ठेवायला आपल्याला फार सोयीचं आहे.

पायरी ४: पूर्ण आणि नकारी असेल तर दोन वाटा

‘मा जाअ अहदुन् इल्ला अख़ूक.’ कोणी आलं नाही, तुझा भाऊ सोडून. इथे ‘इल्ला अख़ाक’ही बरोबर आहे. पण वगळलेला त्याच गटातला असेल, तर पहिलं रूप अधिक पसंतीचं मानतात.

पहिल्या वाटेचं नाव ‘बदल’. हा शब्द मराठीत अरबीतूनच फारसीमार्गे आला, आणि आपल्या ‘बदली कामगार’ या शब्दात त्याचा मूळ अर्थ शाबूत आहे: एकाच्या जागी उभा राहणारा दुसरा. बदली कामगार ज्याच्या जागी येतो त्याच्या पाळीवर काम करतो. तसंच इथे ‘अख़ूक’ हा ‘अहदुन्’च्या जागी उभा राहतो आणि त्याची विभक्ती घेतो. ‘अहदुन्’ रफ़अमध्ये, म्हणून ‘अख़ूक’. ‘मा सल्लम्तु अला अहदिन् इल्ला अख़ीक’ यात ‘अहदिन्’ जर्रमध्ये, म्हणून ‘अख़ीक’. ही जर्र ‘इल्ला’ने दिलेली नाही, ‘अहदिन्’कडून आलेली आहे.

हे नकारातच का जमतं, होकारात का नाही? ज्याच्या जागी उभं राहायचं त्याला काढून वाक्य वाचून पाहा. ‘आला तुझा भाऊच’ असं नकारी वाक्यातून निघतं. भाऊ खरोखर आलेला आहे, म्हणून तो कर्त्याच्या जागी शोभतो. होकारी वाक्यात भाऊ आलेलाच नाही. जो आला नाही त्याला ‘आले’चा कर्ता कसं करणार? मला हे कळलं त्या दिवसापासून नियम वेगळा पाठ करावा लागला नाही.

मराठीत दोन्ही वाटा म्हणून पाहता येतात. ‘कोणी आलं नाही, आला तो तुझा भाऊच’ ही बदलाची वाट. ‘तुझ्या भावाला सोडून कोणी आलं नाही’ ही नस्बची.

पायरी ५: रिकामं असेल तर ‘इल्ला’ नाहीच असं समजा

‘मा’ आणि ‘इल्ला’ दोन्ही पुसून टाका. उरलेल्या वाक्यात नामाला जी विभक्ती मिळेल तीच.

‘मा जाअ इल्ला अख़ूक’: उरलं ‘जाअ अख़ूक’, कर्ता, रफ़अ. ‘मा रऐतु इल्ला अख़ाक’: उरलं ‘रऐतु अख़ाक’, मी तुझ्या भावाला पाहिलं, कर्म, नस्ब. ‘मा सल्लम्तु इल्ला अला अख़ीक’: इथे ‘अला’ने जर्र दिली.

याचं खरं मराठी भाषांतर ‘सोडून’ने करू नका, ‘-च’ने करा: तुझा भाऊच आला, तुझ्या भावालाच पाहिलं. माझी सगळ्यांत जास्त वेळा झालेली चूक याच ठिकाणची. ‘तुझ्या भावाला सोडून कोणी आलं नाही’ असं मनात म्हणत मी ‘मा जाअ इल्ला अख़ाक’ लिहायचो. मराठी वाक्यात ‘कोणी’ आहे, म्हणून मला वाक्य पूर्ण वाटायचं. अरबी वाक्यात मात्र ‘कोणी’ लिहिलेलंच नव्हतं. गट अरबीत शोधायचा, भाषांतरात नाही.

कुरआनमधलं ‘व मा मुहम्मदुन् इल्ला रसूलुन्’ (३:१४४) याच प्रकारचं. पुसून वाचा: ‘मुहम्मदुन् रसूलुन्’, मुहम्मद प्रेषित आहेत. उद्देश्य आणि विधेय, दोन्ही रफ़अ.

एक जोडी नीट सोडवून पाहू

कुरआनमध्ये ‘इल्ला’नंतर ‘त्यांच्यातले थोडे’ हेच शब्द दोन ठिकाणी येतात आणि विभक्ती वेगळी आहे.

पहिलं ठिकाण २:२४९. तालूत सैन्य घेऊन निघतो आणि सांगतो, की वाटेत नदी लागेल, तिचं पाणी पिऊ नका. हाताच्या ओंजळीने घोटभर घेतलं तर चालेल. नदी येते आणि:

*फ़-शरिबू मिन्हु इल्ला क़लीलन् मिन्हुम्*
ते तिचं पाणी प्यायले, त्यांच्यातले थोडे सोडून.

झाका. उरलं ‘फ़-शरिबू मिन्हु’. गट आहे का? ‘शरिबू’मधला ‘-ऊ’ म्हणजे ते सैनिक. आहे. नकार? नाही. पूर्ण आणि होकारी, म्हणून नस्ब: क़लीलन्. हे थोडे लोक प्यायले नाहीत, म्हणून ते ‘प्यायले’च्या कर्त्याच्या जागी उभे राहू शकत नाहीत.

दुसरं ठिकाण ४:६६. आम्ही त्यांना जीव द्या किंवा घरदार सोडून निघा असा हुकूम केला असता, तर:

*मा फ़अलूहु इल्ला क़लीलुन् मिन्हुम्*
त्यांनी तो पाळला नसता. पाळला असता तो त्यांच्यातल्या थोड्यांनीच.

झाका. उरलं ‘मा फ़अलूहु’. गट पुन्हा ‘-ऊ’. नकार? ‘मा’ आहे. पूर्ण आणि नकारी, म्हणून दोन वाटा. बहुतेक क़ारींच्या, म्हणजे कुरआन पठणाच्या आचार्यांच्या, पाठात ‘-ऊ’ या कर्त्याचा बदल म्हणून रफ़अ आहे: क़लीलुन्. पण दमास्कसचे इब्न आमिर हे सात मान्य क़ारींपैकी एक, मृत्यू इ.स. ७३६, त्यांच्या पाठात इथे ‘क़लीलन्’ आहे, नस्ब. पायरी ४ मधल्या दोन्ही वाटा एकाच आयतीत अशा प्रत्यक्ष वाचल्या जातात. २:२४९ वर मात्र त्या मान्य पाठांत ‘क़लीलन्’च आहे.

या दोन ओळी कागदावर एकाखाली एक लिहा. मला इतर कुठल्याही तक्त्यापेक्षा या जोडीचा जास्त उपयोग झाला.

फसवणाऱ्या जागा

*शेजारचा शब्द जर्रमध्ये दिसतो, पण ती खरी जर्र नसते.* नकारानंतर ज़ोर देण्यासाठी ‘मिन्’ येतो: ‘मा जाअ मिन् अहदिन् इल्ला अख़ूक’. ‘अहदिन्’ पाहून ‘अख़ीक’ लिहावंसं वाटतं. पण हा ‘मिन्’ वरवरचा आहे. ‘अहद’ची जागा कर्त्याचीच, आणि बदल जागेला धरून होतो. ‘व मा मिन् इलाहिन् इल्लल्लाहु’ (३:६२) यात म्हणूनच शेवटी ‘-हु’ आहे. ‘ला इलाह इल्लल्लाहु’मध्येही तेच: ‘इलाह’चा ‘अ’ दिसतो, पण ‘अल्लाहु’ ठरतो तो जागेवरून, त्या ‘अ’वरून नाही. शब्दावर थांबलं तर ‘-हु’ ऐकू येत नाही, पुढे जोडून वाचलं की येतो.

*वगळलेला गटातलाच नसतो.* व्याकरणाचं ठरलेलं उदाहरण: लोक आले, गाढव सोडून. गाढव ‘लोकां’त मोडत नाही. अशा ठिकाणी वाक्य नकारी असलं तरी नस्बच वापरा: ‘मा जाअ-ल्-क़ौमु इल्ला हिमारन्’. हिजाज़च्या बोलीत हे सक्तीचं होतं, तमीम टोळीच्या बोलीत बदलही चालायचा. लिहिताना हिजाज़ची रीत धरा. कुरआनमध्ये ४:१५७ ला ‘इल्लत्तिबाअ-ज़्-ज़न्नि’ असा नस्बच आहे: त्यांना ज्ञान नाही, निव्वळ अंदाजामागे जाणं आहे. अंदाज हा ज्ञानाचा प्रकार नव्हे.

*क्रम उलटतो.* वगळलेला गटाच्या आधी आला, तर नस्ब: ‘मा जाअ इल्ला अख़ाक अहदुन्’. मूळ माणूस यायच्या आधीच बदली कामगार कसा येणार?

*तो ‘इल्ला’ नसतोच.* ‘इन्’ (जर) आणि ‘ला’ (नाही) जोडून लिहिलं, की दिसायला हुबेहूब ‘इल्ला’ होतं. ९:४० ची सुरुवात ‘इल्ला तन्सुरूहु’ अशी आहे आणि अर्थ ‘जर तुम्ही त्याला मदत केली नाही’. खूण सोपी: लगेच पुढे क्रियापद आहे आणि त्याच्या शेवटचा ‘न’ गळला आहे (तन्सुरून, पण इथे तन्सुरू). वगळण्याचा इथे प्रश्नच नाही.

*विभक्ती बरोबर असते, खूण अनोळखी असते.* नस्ब म्हणजे ‘-अन्’ हे एकवचनी साध्या नामांपुरतं. द्विवचनात नस्ब ‘-ऐनि’ आणि रफ़अ ‘-आनि’. ‘-आत’ने होणाऱ्या स्त्रीलिंगी अनेकवचनात नस्बलाही ‘-इन्’ लागतो. ‘क़रअ्तु-ल्-किताब इल्ला सफ़हातिन्’, मी पुस्तक वाचलं, काही पानं सोडून: हा ‘-इन्’ जर्रचा नाही, नस्बचाच आहे. मी अशा दोन बरोबर वाक्यांत स्वतःच्या हाताने चूक करून ठेवली होती.

हरकती नसलेला मजकूर वाचताना एक आधार उरतो. ‘-अन्’ असलेल्या बहुतेक नामांच्या शेवटी एक जादा अलिफ़ लिहितात. ‘इल्ला’नंतरच्या अशा नामाला तो अलिफ़ दिसला, तर नस्ब. ‘अल्’ लागलेल्या नामांना किंवा गोल ‘ता’ असलेल्या नामांना तो नसतो, तेव्हा तिथे पायऱ्यांवरच भिस्त ठेवा.

‘ग़ैर’ आला तर

‘वगैरे’ आणि ‘गैरहजर’मधला हाच ‘ग़ैर’. तोही वगळण्यासाठी येतो. त्याच्या पुढचं नाम कायम जर्रमध्ये, आणि ‘इल्ला’नंतर नामाला जी विभक्ती आली असती ती स्वतः ‘ग़ैर’ घेतो. ‘जाअ-ल्-क़ौमु ग़ैर अख़ीक’, पण ‘मा जाअ ग़ैरु अख़ीक’. पायऱ्या त्याच.

हातासरशी तीन वाक्यं

आधी स्वतः झाकून पाहा, मग खालचं वाचा.

क) नजह-त्तुल्लाबु इल्ला … (दोन विद्यार्थी)
ख) लम् यन्जह् इल्ला … (दोन विद्यार्थी)
ग) व मन् यग़्फ़िरु-ज़्-ज़ुनूब इल्ल … (अल्लाह)

क) विद्यार्थी उत्तीर्ण झाले, दोन सोडून. गट आहे, नकार नाही. नस्ब: तालिबैनि.

ख) झाकल्यावर ‘लम् यन्जह्’ एवढंच. गट नाही. पुसून वाचलं तर दोघे कर्ता, दोघेच उत्तीर्ण झाले. रफ़अ: तालिबानि.

ग) हे ३:१३५ मधलं. अल्लाहखेरीज पापांची क्षमा कोण करतो? नकाराचा शब्द नाही, पण प्रश्नाचं उत्तर ‘कोणी नाही’, म्हणून नकारी. आता गट. ‘इल्ला’ला लागून ‘ज़ुनूब’ आहे, पापं, आणि ती नस्बमध्ये आहेत. पटकन ‘अल्लाह’लाही नस्ब लावावासा वाटतो. पण अल्लाहला पापांतून वगळलेलं नाही, क्षमा करणाऱ्यांतून वगळलं आहे. म्हणून तो ‘यग़्फ़िरु’मधल्या न दिसणाऱ्या कर्त्याचा बदल, आणि रूप रफ़अचं: इल्लल्लाहु.